आयतीचा मधला तुकडा

आमच्या बमरोलीच्या नाल्याला स्वतःचा असा रंग कधीच नव्हता. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या मिलांत ज्या दिवशी जो रंग चालला असेल, तो नाल्याला. सकाळी गुलाबी, दुपारी शेवाळी, कधी एकाच प्रवाहात दोन रंग शेजारी शेजारी, एकमेकांत न मिसळता. आमच्या गल्लीतल्या बायका नाल्याकडे बघून यंदा बाजारात कोणती साडी येणार ते सांगायच्या. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात, साथीची बातमी आल्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी, नाल्यातून साधं पाणी वाहू लागलं. तळाचे दगड दिसले. दहा वर्षं त्या नाल्याकाठी राहून मी ते दगड पहिल्यांदा पाहिले, आणि पहिल्यांदाच त्या पाण्याची भीती वाटली.

आता पुन्हा सप्टेंबर आलाय. चार वर्षं झाली. आज शाळेत शिकवून येताना पुलावर थांबले, तर पाणी गर्द जांभळं होतं. हे बरं लक्षण नाही, हे मलाही कळतं. तरी मन निवळलं.

त्या वर्षी तापीला पूर येऊन गेला होता. पूर ओसरला, चिखल वाळला, ऊन पडलं आणि लोक म्हणू लागले की वेडरोडकडे माणसं तापाने पटापट जातायत. मग 'प्लेग' हा शब्द आला. इतिहासाच्या पुस्तकातला शब्द असा रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकणं फार विचित्र होतं. त्यानंतर दोन दिवसांत आमची गल्ली रिकामी झाली. खानदेशातली माणसं उधन्याच्या स्टेशनाकडे निघाली, कुणी ट्रकने नंदुरबारकडे. कुलपांचा आवाज सकाळभर येत होता. दुपारी तोही थांबला.

रिकामी गल्ली शांत असते असं वाटतं, पण तसं नसतं. घाईत गेलेल्या माणसांनी पुष्कळ गोष्टी चालू ठेवल्या होत्या. समोरच्या बंद खोलीत पंखा फिरत होता, खिडकीच्या फटीतून त्याची सावली रस्त्यावर येऊन जात होती. कोपऱ्यावरच्या एका खोलीत नळ उघडा राहिला होता, दाराखालून पाणी येत होतं. पाळीच्या वेळी मिलचा भोंगा व्हायचा, आणि कुणीही यायचं नाही. महापालिकेने टाकलेली पांढरी पावडर रस्त्यावर पसरली होती आणि भरदिवसा तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आम्ही गेलो नव्हतो. अब्बा म्हणाले, कुठे जायचं. अम्मी त्याआधीच वारली होती, गावच्या, म्हणजे चोपड्याच्या घरात बडे अब्बांचा, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाचा संसार होता. अब्बा मिलमध्ये रंगखात्यात होते. त्यांच्या दाढीला रंग लागायचा आणि साबणाने निघायचा नाही. शेजारच्या सुमनमावशींना याची फार मौज वाटायची. "भाऊ, आज तुमनी दाढी हिरवी शे. काल गुलाबी व्हती," असं त्या दारातून म्हणायच्या, आणि अब्बा कधी नाही ते हसायचे.

सुमनमावशी शिरपूरकडच्या. नवरा वारलेला. घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. दिवसभर मांडीवर साडी आणि हातात कात्री. दीर आणि जाऊ समोरच्याच ओळीत राहायचे. मावशींच्या आणि आमच्या खोलीत एक अर्ध्या विटेची भिंत होती, आणि आमची बोलण्याची पद्धत त्या भिंतीतूनच होती. त्यांनी वाटीने एकदा ठोकलं तर नळाला पाणी आलं. दोनदा ठोकलं तर चहा टाकलाय. मी दोनदा ठोकून उत्तर दिलं की पलीकडून आवाज यायचा, "च्या पिशी का वं, का पुस्तकच खाशी?" मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुस्तकात डोकं घालून बसायची माझी सवय गल्लीभर ठाऊक होती.

गल्ली रिकामी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, भिंतीवर वाटी वाजली.

आम्हाला वाटलं होतं की मावशी दिराबरोबर गेल्या. अब्बा उठून उभे राहिले. वाटी पुन्हा वाजली. एकदा नाही, दोनदा नाही. मोजता येणार नाही अशी, मधेच थांबणारी, मग घसरत जाणारी. अब्बांनी भिंतीला तोंड लावून विचारलं. पलीकडून खोकल्याशिवाय काही आलं नाही. अब्बा खुंटीवरचा सदरा काढू लागले.

मी दारात उभी राहिले. मला त्यांना अडवायचं होतं, आणि माझ्या शब्दाने ते अडणार नाहीत हे मला माहीत होतं. म्हणून मी माझा नसलेला शब्द वापरला.

इथे एक सांगायला हवं. अब्बा रोज पहाटे कुराण वाचायचे, सुरेख वाचायचे, पण अरबीचा अर्थ त्यांना येत नव्हता. मी मराठी शाळेत शिकलेली. कॉलेजात असताना मला कुराणाचा मराठी अनुवाद मिळाला होता. नुसता अनुवाद, टिपा नाहीत. संध्याकाळी अब्बा म्हणायचे, आज मी अमुक पान वाचलं, त्यात काय आहे ते सांग. मी वाचून दाखवायची. त्यांच्यासाठी अर्थ माझ्या तोंडून यायचा. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

मी म्हणाले, "अब्बा, कुराणात स्पष्ट लिहिलंय. आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका."

त्यांनी विचारलं, "कुठे?" मी सांगितलं, दुसऱ्या सुरेत, म्हणजे दुसऱ्या अध्यायात. त्यांचा एक हात सदऱ्याच्या बाहीत गेला होता. तो त्यांनी बाहेर काढला आणि ते खाटेवर बसले.

तो दिवस आम्ही दोघांनी त्या भिंतीकडे पाठ करून काढला. मी भात केला, आम्ही खाल्ला. वाटी वाजत होती, पण दोन आवाजांमधला वेळ वाढत चालला होता. मी पुस्तक उघडून बसले होते. पान उलटल्याचा आवाज होऊ नये म्हणून एकच पान धरून ठेवलं होतं. जणू पलीकडे कळलं असतं की आम्ही आत आहोत. पण ते कळलेलंच होतं. अब्बा भिंतीतून बोलले होते. पलीकडची बाई हे ऐकूनच वाजवत होती. दुपारी केव्हातरी वाटीचा आवाज बंद झाला आणि बोटांनी खरवडल्यासारखा आवाज येऊ लागला. उंदीर असेल, असं मी अब्बांना म्हणाले. उंदराचंच नाव मी घ्यावं, त्या दिवसांत.

 दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी माझा अनुवाद पिशवीत घातला आणि म्हणाले, "चल. तू वाचलंस, तर तूच दाखव."

आमची मशीद म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. तिथे नमाज पढवणारे हाफिजसाहेब शेजारच्या लहानशा खोलीत राहायचे, बुऱ्हाणपूरकडचे, एकटे. तेही गेले नव्हते. मी उंबऱ्याशी बसले, अब्बा आत. अब्बांनी सगळं सांगितलं: वाटी, भिंत, मी सांगितलेलं ते वचन, ती आयत. काहीही लपवलं नाही. मग म्हणाले, मुलगी खोटं वाचणार नाही, पण माझं मन मानत नाही.

हाफिजसाहेबांनी आधी मला ती आयत पूर्ण वाचायला लावली. मी वाचली. सुरुवातीला आहे, अल्लाहच्या मार्गात खर्च करा. मग तो विनाशाचा तुकडा. आणि मग, भलाई करा, भलाई करणारे अल्लाहला आवडतात. मी आदल्या दिवशी मागचं आणि पुढचं गाळून फक्त मधलं उचललं होतं. वाचताना माझा आवाज बारीक होत गेला.

"बेटी, ही उतरली केव्हा, ते तुला माहीत आहे?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. अशी काही विचारायची गोष्ट असते हेच माहीत नव्हतं. माझ्यासाठी सगळ्या आयती एकाच वेळी, एकाच शाईत छापलेल्या होत्या.

त्यांनी कपाटातून साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला उर्दू तफसीरचा, म्हणजे कुराणावरच्या भाष्याचा जाड ग्रंथ काढला. पान शोधता शोधता ते सांगत होते. कुराण पैगंबरांवर तेवीस वर्षांत थोडं थोडं उतरलं. पुष्कळशा आयतींमागे काही कारण नाही. त्या उतरायच्या म्हणून उतरल्या. पण काहींमागे एखादी घटना आहे, किंवा कुणी पैगंबरांना विचारलेला सवाल आहे. त्या प्रसंगाला शान-ए-नुजूल म्हणतात. तो आपल्या अकलेने शोधून काढायचा नसतो. जो तिथे होता त्याने तो सांगितलेला असावा लागतो, आणि त्याच्यापासून आपल्यापर्यंत सांगणाऱ्यांची साखळी तपासलेली असावी लागते. सांगण्यातही फरक असतो. 'असं असं घडलं, तेव्हा ही आयत उतरली' असं साक्षीदार म्हणाला तर तो प्रसंग. 'ही आयत अमक्याबद्दल उतरली' एवढंच म्हणाला, तर तो प्रसंगही असेल, किंवा नुसता त्याने लावलेला अर्थही असेल.

मग त्यांनी वाचलं. पैगंबरांनंतर पुष्कळ वर्षांनी मुसलमानांची फौज रूमच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीच्या तटासमोर उभी होती. एक माणूस एकटाच शत्रूच्या रांगेत घुसला. लोक ओरडले, हा स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटतोय. म्हणजे त्यांनीही मी उचलला तोच तुकडा उचलला होता. तेव्हा पैगंबरांचे एक म्हातारे साथीदार उठले, मदिन्याचे. ते म्हणाले, तुम्ही या आयतीचा असा अर्थ लावता, पण ती आम्हा मदिनेवाल्यांबद्दल उतरली. धर्माला बळ आलं, मदत करणारे पुष्कळ झाले, तेव्हा आम्ही पैगंबरांना न कळू देता आपसात म्हणालो की आता आमची गरज नाही, आमची शेतंभातं पडून राहिलीत, आता घरी राहून आपलं आपलं सावरावं. तेव्हा ही आयत आमच्या बोलण्याला उत्तर म्हणून उतरली. विनाश हा होता: घरी बसून आपलं सावरत राहणं आणि मोहिमेला निघायचं सोडून देणं.

हाफिजसाहेबांनी पान मिटलं नाही. बाहेर कुठेतरी एक शेळी ओरडत होती, दोराने बांधून ठेवलेली, मालक निघून गेलेला.

अब्बांनी विचारलं, ते लढाईचं झालं. आमच्याकडे लढाई नाही. मग आयत आमच्यासाठी आहे की नाही?

आहे, हाफिजसाहेब म्हणाले. प्रसंग एकाचा असला तरी शब्द सगळ्यांसाठी असतात; आयत प्रसंगापाशी संपत नाही. उगाच विहिरीत उडी टाकणाऱ्यालाही ती लागू होते, शब्दांच्या जोरावर. तुमची मुलगी अगदीच चूक नव्हती. पण ज्या प्रसंगावरून आयत उतरली तो तिच्यातून कधीही बाहेर काढता येत नाही. बाकी अर्थ आत येतील की नाही यावर विद्वान वाद घालतील, याच्यावर घालणार नाहीत. त्यामुळे आयत वाचून कुणी दार लावून बसत असेल, तर ज्या गोष्टीला अल्लाहने विनाश म्हटलं तिच्याच बचावाला तो अल्लाहचे शब्द उभे करतोय.

त्यांनी हेही सांगितलं की साथ असलेल्या गावात बाहेरून जाऊ नये आणि आत असलेल्याने पळू नये, असा पैगंबरांचा हुकूम आहे. आपण आत आहोत. तोंडाला फडकं बांधा, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळाल्या तर घ्या. अंगावर ओढवून घेण्यात पुण्य नाही.

अब्बा उठले. माझ्याकडे बघून ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पुढे वाचशील तेव्हा सगळं वाचत जा, बेटा."

परतताना पांढऱ्या पावडरीवर आमच्या जातानाच्या पावलांशिवाय काही नव्हतं. आम्ही त्याच पावलांवरून उलटे चाललो. गल्लीत अब्बांनी तोंडावर अम्मीच्या ओढणीचा तुकडा बांधला आणि मावशींच्या दाराला खांदा लावला. मला त्यांनी आमच्या खोलीत राहायला सांगितलं. मी भिंतीशी उभी राहिले. पलीकडे दार मोडल्याचा आवाज आला, अब्बांची हाक आली, आणि मग भिंतीवर वाटी वाजली. स्वच्छ, दोनदा. मीही दोनदा ठोकलं. मावशी शुद्धीवर आहेत म्हणून माझ्या डोळ्यांना पाणी आलं. नंतर मी विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले की मावशी दाराजवळ पडल्या होत्या, बेशुद्ध, भिंतीपासून दूर. आणि त्यांनी स्वतः भिंतीला हात लावला नव्हता. मी याचा अर्थ लावलेला नाही.

हातगाडीवरून त्यांना सिव्हिलमध्ये नेलं. दोन दिवसांनी त्या गेल्या. वॉर्डातला तरुण डॉक्टर फार थकलेला होता. पहिल्या दिवशी दारातच त्यांना तपासताना तो सहज बोलून गेला होता, काल आणलं असतं तर. त्याच्या दृष्टीने त्यात काही नव्हतं, दिवसभर तो तेच म्हणत असेल. तो 'काल' माझ्या मालकीचा होता.

अब्बा तिथेच थांबले. सोबत कुणी नसलेले पुष्कळ जण होते. अब्बा त्यांना पाणी द्यायचे, कूस बदलून द्यायचे. मला आत येऊ दिलं नाही. मी फाटकाशी डबा द्यायची, ते दुरून हात वर करायचे. सहाव्या दिवशी त्यांना ताप आला आणि आठव्या दिवशी दुपारी ते गेले. साथीनेच गेले का, हे कधीच नक्की कळलं नाही. दफनाला हाफिजसाहेब धरून चार माणसं होती.

पुढच्या काही दिवसांत नाल्याला रंग आला. आधी फिकट, मग गर्द. गल्लीतली कुलपं उघडली. लोक नेहमीपेक्षा मोठ्याने बोलायचे. शेजारच्या खोलीला मावशींच्या दिराने नवं दार बसवलं.

अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाला बडे अब्बा चोपड्याहून आले. जेवणं झाल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "पोरीने त्याला आयत दाखवली होती. अल्लाहचा कलाम ऐकला असता तर आज जिवंत असता." त्यांना हे अब्बांनीच ताप येण्याआधी पत्रातून कळवलं होतं, प्रेमाने कळवलं असेल, माझी मुलगी कशी वाचते म्हणून. लोकांनी माना हलवल्या. एका बाईने मला जवळ घेतलं. मी ताटं उचलू लागले. त्या एका दिवसाची अशी तारीफ होईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या हिवाळ्याचं मला फार आठवत नाही. अनुवाद मी कापडात बांधून फळीवर टाकला. नमाज सुटली. मी असा हिशोब केला होता की मी अल्लाहचं वाक्य घेऊन त्याच्याच एका माणसाचा, मावशींचा, जीव घेतला आहे, आणि याला कुठे माफी असेल तर ती मागायचा मला हक्क नाही. हे मी दुःखाच्या भरात म्हणत नव्हते. अगदी शांतपणे, गणित सोडवल्यासारखं मानत होते. भिंतीशेजारच्या खाटेवर दुपारभर बसायचे. पलीकडून कुणी काही वाजवत नव्हतं, आणि मी ऐकत असायचे.

हाफिजसाहेब फेब्रुवारीत आले. त्यांना गल्लीतून काहीबाही कळलं असावं. काखेत तोच ग्रंथ होता. दारातच बसले आणि ते पान काढून माझ्यापुढे सरकवलं. मला उर्दू अडखळत वाचता येतं. म्हणाले, त्या दिवशी मी जिथे थांबलो त्याच्या खालून वाच. सगळं वाच.

खाली आणखी दोन रिवायती, म्हणजे साखळीने चालत आलेली कथनं होती. पैगंबरांच्या एका साथीदाराने म्हटलं होतं, ही आयत खर्च करण्याबद्दल उतरली. दुसऱ्या एका साथीदाराला कुणीतरी विचारलं होतं की शत्रूवर एकटा चाल करून जाणारा माणूस स्वतःला विनाशात लोटतो का. ते म्हणाले, नाही. विनाशात स्वतःला लोटणारा म्हणजे तो माणूस, जो गुन्हा करतो आणि मग म्हणतो की अल्लाह मला माफ करणार नाही.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग विचारलं, हा प्रसंग आहे की अर्थ? आवाज माझाच होता, पण कित्येक महिन्यांनी ऐकत होते.

ते किंचित हसले. अर्थ आहे, म्हणाले. असं घडलं तेव्हा उतरली असं यात नाही. पहिल्या रिवायतीचं वजन याला नाही. पण ज्याने हा सांगितला त्याने कुराण उतरताना पाहिलं होतं, आणि आयतीच्या शब्दांत तो मावतो.

"मग तुम्ही त्या दिवशी का नाही वाचलात?"

"त्या दिवशी सवाल तुझ्या अब्बांचा होता. हा तुझा आहे."

 ते गेल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. उलट, आतापर्यंत ज्याला मी शिक्षा समजत होते ती आणखी एक दार लावून बसण्याची तऱ्हा होती, हे कळलं. त्याच दिवशी दुपारी मी गल्ली ओलांडून कलाबाईंकडे, मावशींच्या जावेकडे गेले. त्या उंबऱ्यावर बसून साडीचे धागे कापत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. भिंत, वाटी, बोटं, मी वाचलेला तुकडा, तो एक पूर्ण दिवस. डॉक्टरचं वाक्यही सांगितलं.

कलाबाईंची कात्री थांबली. त्यांनी साडी मांडीवरून काढली, बाजूला ठेवली. मला वाटलं, उठून मारतील. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही ट्रकमा बसनूत तवय ती दारमा उभी व्हती. ताप व्हता तिले. आम्हले माहीत व्हतं." मग म्हणाल्या, "तू ते एक दिवस बठनी. आम्ही ते थांबनूत बी नही."

त्या उठल्या नाहीत. थोड्या सरकल्या, उंबऱ्यावर माझ्यापुरती जागा झाली. मी बसले.